पंच्याहत्तरची सरासरी

सत्तरच्या दशकात मी भोरच्या संघात सलामीला खेळायचो. सामने वीस षटकांचे, आणि माझी सरासरी पंच्याहत्तर! पाच डावांत दीडशे धावा, बाद फक्त दोनदा. नाबाद राहिलं की भागायचा आकडा लहान राहतो, एवढंच त्यातलं गुपित.

ही सरासरी मी मिरवली ती वेल्ह्यात, तीही हरल्यावर. सत्त्याण्णव धावा हव्या होत्या, आम्ही ब्याण्णववर थांबलो. त्यातल्या अडतीस माझ्या, नाबाद. भोरच्या तहसील कचेरीतले एक कारकून आमच्या संघाबरोबर येऊन धावा लिहीत. फलंदाजानं किती चेंडू घेतले तेही मोजत. आमच्याकडं दुसरं कुणी मोजत नसे. सरासरी मिरवली ती त्यांच्यापुढंच.

"अडतीस धावांना सत्तर चेंडू खाल्लेस," ते म्हणाले. "व्हते एकशेवीसच. सहा गडी हितं बसून ऱ्हायले. तू नाबाद, म्हणून संघ हरला."

मला असा राग आला की त्यांचा चहाही घेतला नाही.

पुढच्या रविवारी खेळपट्टी ओली होती, आणि हव्या होत्या फक्त पन्नास. बावीस धावांना मी अठ्ठेचाळीस चेंडू घेतले. जिंकलो, तरी चोरासारखा त्यांच्या वहीपाशी गेलो. वेग आधीपेक्षाही कमी होता!

ते हसले. "आज एवढा वेग पुरत व्हता. आदी किती पायजेत अन् खेळपट्टी कशी हाय ते बघायचं, मग वेग बघायचा."

त्यानंतर मी धावांसाठी बेधडक बाद होत गेलो. भोरला चषक आला तेव्हा माझी सरासरी चोवीस होती. तो चषक मी आधी त्यांच्या हातात दिला, मग चहा मागितला.