पंधराशे शब्दांत आबा

शालू जगदाळे माधवनगरच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत असे. नवरा भाऊसो तिथल्याच कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, होता. एकोणीसशे शहात्तरच्या दिवाळीनंतर सांगलीच्या एका वाचनालयाने कथास्पर्धा जाहीर केली. शालूने ती जाहिरात वाचली आणि वर्षानुवर्षं मनात घोळत असलेली गोष्ट एकदाची लिहून काढली. गोष्ट तिच्या वडिलांची, हंबीररावांची, म्हणजे आबांची. ते तोफखान्यात होते. पासष्टच्या लढाईत गोळा जवळ येऊन पडला, जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. लढाई, इस्पितळ, गाडीचा प्रवास, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळचं गाव, चुलत्यांशी झालेला जमिनीचा तंटा, सगळं तिने लिहिलं. लिहिताना हात थांबत नव्हता.

मग तिने जाहिरात पुन्हा नीट वाचली. कथा पंधराशे शब्दांची. एक शब्द जास्त झाला तरी कथा न वाचता बाजूला ठेवली जाईल.

नवराबायको दोघं कंदिलाशेजारी शब्द मोजायला बसले. एक पान ती मोजायची, एक तो.

"साडेचार हजाराच्या वर हाय गं," भाऊसो म्हणाला. "तीन गोष्टी हुत्याल ह्यात."

"आवं, मस्करी करू नका. कुठून कापू सांगा."

"जोडून लिव की. 'गेले होते' कशाला दोन शब्द? 'गेलेहोते' लिव, एक झाला."

शालू हसली. पण त्याच्या त्या थट्टेमुळे तिच्या डोक्यात किडा वळवळला. 'गेलेहोते' चालणार नाही, परीक्षक कान धरतील. पण 'घराच्या मागे' हे 'घरामागे' झालं तर चूकही नाही आणि एक शब्दही वाचतो. मग ती लाल पेन्सिल घेऊन बसली. आधी 'अतिशय', 'खूपच', 'अक्षरशः' गेले. 'दुःखाने आणि निराशेने काळवंडलेल्या चेहऱ्याने आबा अंगणात आले' हे वाक्य तिला फार आवडायचं. तिने 'आबा'च्या आधीचं सगळं खोडलं. उरलं, 'आबा अंगणात आले.' तिने ते दोनदा वाचलं. दुःख हा शब्द गेला होता, आणि तरी आबा आता जास्त एकटे दिसत होते. हे कसं होतं, याचं तिला नवल वाटलं.

असं शब्द-शब्द वेचून चारशेच कमी झाले. मग तिला कळलं की असं खुरपून भागणार नाही, वाफेच्या वाफे उपटावे लागतील. चुलत्यांचा तंटा गेला. गावचं वर्णन गेलं. दोन मामांचा मिळून एक मामा केला. इस्पितळातली नर्स गेली, ती जाताना मात्र शालूला खरंच वाईट वाटलं. आबांना ऐकू येत नाही हे घरच्यांना कसं कळलं, यावर तिने पाऊण पान लिहिलं होतं. त्याच्या जागी दोन वाक्यं आली: 'मी हाक मारली. ते वळले नाहीत.' शेवटी गोष्ट पंधराशेच्या आत बसली. लढाई मात्र तिने पुरी ठेवली होती. गोष्टीत घडतं ते तिथंच, असं तिला वाटत होतं.

शाळेत अख्तरबी नदाफ नावाच्या वयाने मोठ्या शिक्षिका होत्या. सगळे त्यांना नदाफबाई म्हणत. लांबलचक पहिला मसुदा त्यांनी वाचला होता. शालूने मधल्या सुटीत त्यांच्यापुढे नवी पानं ठेवली. बाईंनी डबा बाजूला सारून ती वाचली.

"सुबक झालीय," त्या म्हणाल्या. "कुठं अडखळत नाही. पण शालू, ते कुठं गेलं?"

"काय, बाई?"

"तुझी आई जात्यावर दळायला बसायची आणि तुझे वडील तिच्या मागे जाऊन बसायचे, ते."

शालूला आठवेना. तिने पिशवीतून जुना मसुदा काढून चाळला. नवव्या पानावर एक वाक्य होतं: 'आई पहाटे दळायला बसली की आबा तिच्या पाठीमागे जाऊन बसत.' एवढंच. काही घडत नाही म्हणून तिने ते खोडलं होतं.

"बाई, हे एकच वाक्य आहे."

"असेल. पण तुझ्या लढाईतलं मला आता काही आठवत नाही. हे मात्र मी घरी माझ्या बहिणीला सांगितलं. बहिरा माणूस पहाटे उठून बायकोच्या मागे का बसत असेल, यावर आम्ही दोघी किती वेळ बोलत होतो! का बसायचे गं?"

शालू जरा घुटमळली. मग हळू आवाजात तिने सांगितलं. ती तेव्हा तरुण होती, घरात सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत. पहाटे जात्याच्या घरघरीने जाग यायची. आई ओव्या म्हणत असायची, शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर. आबा मागे बसून आईच्या पाठीवर तळहात टेकवून ठेवायचे. ऐकू येत नाही म्हणून ते हाताने गाणं ऐकतात, असं शालूने मनाशी ठरवलं होतं. आईवडिलांचं असं काही लिहायची तिला लाज वाटली, म्हणून नुसतं 'पाठीमागे बसत' लिहून ती पुढे गेली.

नदाफबाईंनी पानं तिच्यापुढे सरकवली. "मग हे लिही ना. हीच तुझी गोष्ट आहे. बाकीचं काय ते याच्यासाठी ठेव किंवा काढ."

कापाकापी नव्याने सुरू झाली. पण या वेळी शालूपाशी एक माप होतं. ती एकेक परिच्छेद तळहाताने झाकायची आणि स्वतःला विचारायची, हा नसला तरी वाचणारा जात्यापाशी पोचतो का? पोचत असेल तर तो परिच्छेद जायचा. अशा रीतीने लढाईही गेली. तोफा, धूर, इस्पितळ, सगळं. राहिलं एक वाक्य: 'आबा पासष्टच्या लढाईहून परत आले तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं.' आणि नवव्या पानावरचं ते एक वाक्य वाढत वाढत सव्वातीनशे शब्दांचं झालं. भाऊसो चक्रावला.

"कापायला बसलीस आन् लिवत सुटलीस व्हय?"

"जागा केली, म्हणून लिहिता येतंय," ती म्हणाली.

गोष्ट झाली, पण टपालात टाकायला तिचं मन होईना. ही आईवडिलांची खासगी बाब. संक्रांतीच्या सुटीत ती एसटीने साताऱ्यावरून खंडाळ्याला गेली आणि तिथून गावी.

आबा ओसरीवर बसले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं, ते मोठ्याने उत्तर द्यायचे. शालूने पाटीवर लिहिलं, 'तुमच्यावर गोष्ट लिहिलीय. वाचा. नको म्हणालात तर फाडून टाकेन.' त्यांनी चष्मा लावून पानं हातात घेतली. तिची आई चंद्राबाई आतून पदराला हात पुसत आली.

"काय लिवलंयस गं? मलाबी वाचून दाव."

आबा सावकाश वाचत होते. त्यांचं पान वाचून झालं की शालू ते घेऊन आईला मोठ्याने वाचून दाखवी.

"तोफ कुठं हाय ह्यात?" आबांनी मधेच विचारलं.

तिने पाटीवर लिहिलं, 'काढली.'

"बरं केलंस. तोफंचं कुनीबी लिवल."

जात्याचा भाग आला. वाचताना शालूने मान वर केली नाही. वाचून संपलं तेव्हा आई जमिनीकडे बघत बसली होती.

"शाले," ती म्हणाली, "मी गात कुठं हुते?"

"म्हंजे?"

"जात्याच्या आवाजात कुनाला ऐकू जात न्हाई म्हनून रडून घेत हुते. दिसभर तुमी समदी भवती असायचा. पहाटेचं तेवढंच सापडायचं."

आबा एकीचं तोंड बघत होते, मग दुसरीचं. शालूने पाटीवर लिहिलं, 'आई गात नव्हती म्हणते.'

आबांनी पाटी वाचली. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा लागला, शेजारी ऐकू जाईल असा. "मला ठावं हाय. गान्यानं पाठ आशी हालत न्हाई."

चंद्राबाईने चटकन त्यांच्याकडे पाहिलं. "हे मला कवा बोललं न्हाईत," ती शालूला म्हणाली, जणू आबा तिथं नव्हतेच. "इतकी वर्सं मला वाटलं, त्यास्नी जात्याची घरघर हाताला लागतीया म्हनून बसत्यात."

शालूने पानं आवरून घेतली आणि आईला विचारलं, "आई, हे लिहू का?"

"लिव. खरं हाय त्ये लिव."

परतीच्या एसटीत शालू मांडीवर कागद घेऊन बसली. आता शेवटी आईचं बोलणं आणि आबांचं वाक्य यायला हवं होतं, आणि पंधराशे तर भरले होते. काय काढायचं? पहिला परिच्छेद तिच्या फार लाडाचा होता. पहाटेचं धुकं, गोठ्यातला वास, चुलीचा उजेड. तळहाताने तो झाकून तिने वाचलं. गोष्ट आता थेट 'मी हाक मारली. ते वळले नाहीत.' इथून सुरू होत होती. तिने पेन्सिलीची आडवी रेघ मारली. 'आई गात होती' हे वाक्य मात्र तिने बदललं नाही. पोरीला तेव्हा जे वाटत होतं तेच वाचणाऱ्याला आधी वाटू दे, आणि मग आई बोलू दे. आबांच्या वाक्यानंतर दोन ओळी समजावून सांगणाऱ्या लिहिल्या होत्या, त्याही वाटेतल्या शिराळा नाक्याच्या अलीकडेच खोडल्या. घरी येऊन भाऊसोने मोजले. चौदाशे नव्वद.

"धा शब्द उरल्यात. घाल की काय तरी," तो म्हणाला. तिने घातले नाहीत.

कथेला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं मिरजेच्या एका डॉक्टरांना गेलं, आणि त्यांची कथा चांगलीच होती, असं शालू पुढे नेहमी सांगायची. समारंभाला आबा आणि आई खास गावाहून आले. बक्षिसाच्या कथा सभागृहात वाचून दाखवायच्या होत्या. शालू वाचत असताना आई पदर तोंडाला लावून बसली होती. आबा मात्र व्यासपीठाकडे बघतच नव्हते. खुर्चीत वळून ते मागच्या लोकांचे चेहरे एकेक करून न्याहाळत होते, पुढच्या रांगेतली माणसं त्यांच्याकडे बघताहेत याची पर्वा न करता.

समारंभ संपला, लोक चहाकडे वळले. आबांनी शालूला बाजूला घेतलं आणि आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं, "मधीच एका जाग्यावर समदी मान्सं एकदम गप झाली. पंख्यानं वारा घ्यायची थांबली. कुटलं वाक्य हुतं त्ये?"

शालूने पिशवीतून कथेची पानं काढली, शेवटचं पान उलगडलं आणि बोट ठेवलं. आबांनी चष्मा लावला आणि स्वतःचंच वाक्य पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाचलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

तिने मान हलवली. आबांनी पान परत दिलं, आणि गर्दीत चंद्राबाई कुठं आहे ते शोधायला ते निघाले.