दोन जाहीरनाम्यांतली स्कूटी

लखनौच्या पक्ष कार्यालयात नवा जाहीरनामा निघाला, तेव्हा मी मागचाही सोबत नेला होता. विद्यार्थिनींना मोफत स्कूटी देण्याचं आश्वासन दोन्हींत होतं.

"सर, मागे सत्तेत असताना किती स्कूटी वाटल्या? आणि आता पैसा कुठून आणणार?" मी विचारलं.

नेते हसून दुसऱ्या पत्रकाराकडे वळले. पण जाहीरनामा समितीतले अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक माझ्यामागे बाहेर आले.

"मॅडम, यही सवाल मैंने बैठक में पूछा था!"

चहा पितापिता आम्ही मुलींची संख्या, स्कूटीची किंमत आणि अर्थसंकल्पातली तरतूद ताडून पाहिली. मेळ काही बसेना. तेच मी बातमीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पक्षाने खुलासा केला: पहिल्या टप्प्यात स्कूटी फक्त शेवटच्या वर्षाच्या मुलींना. प्राध्यापकांचा फोन आला. आम्ही दोघंही नुसतेच हसत होतो.