रिकाम्या खाटेचं वजन

सोलापूरच्या आमच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या अध्यक्षांची गूळतुला करायचं ठरलं, ते सत्तरच्या दशकात. माणसाला गुळाच्या ढेपांनी तोलण्यात मला कधी काही गैर वाटलं नाही. गूळ तरी नंतर वाटला जातो. पण ही तुला 'इलेक्ट्रॉनिक' हवी, असा अध्यक्षांचा आग्रह होता. विज्ञानयुगात तराजूच्या पारड्यात बसणं त्यांना मागासलेपणाचं वाटत होतं. ते काम दाजींकडे आलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उपकरणशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत मी हाताखाली होतो. त्यांनी एका गिरणीतून भंगारात निघालेला प्लॅटफॉर्मचा काटा आणला. अशा काट्यात फळीवरचं सगळं ओझं तरफांमधून शेवटी एका सळईवर येतं. त्या सळईत दाजींनी पोलादाची एक कडी बसवली आणि कडीवर चार स्ट्रेन गेज चिकटवले, दोन आतून, दोन बाहेरून. गेज म्हणजे टपाल तिकिटाहून लहान कागदावर नागमोडी घातलेली बारीक तार. कडी ताणली की दोन तारा किंचित लांबतात, दोन किंचित आखडतात, आणि त्यांचा विजेला होणारा विरोध बदलतो. चौघांचा मिळून चौकोनी ब्रिज होतो. एका कर्णावर व्होल्टेज द्यायचं आणि दुसऱ्यावर फरक मोजायचा.

आमच्या कडीची सेन्सिटिव्हिटी होती, दोनशे किलोला दर व्होल्टमागे दोन मिलिव्होल्ट. पाच व्होल्ट दिले की दहा मिलिव्होल्ट मिळत. ते ॲम्प्लिफायरने दोनशे पट केले की दोन व्होल्ट, आणि आकडे दाखवणाऱ्या मीटरवर सरळ किलो वाचता येत. अध्यक्ष नव्वद भरले. टाळ्या झाल्या. "दाजी, शेदोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले असतील," मी म्हणालो. "अध्यक्षांच्या बाबतीत ते चालतं," ते म्हणाले.

त्याच हिवाळ्यात ताईची पाठ गेली. मणक्याचा क्षय निघाला. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत तिला पाठीवर निजवून ठेवलं. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "हिला हलवायचं नाही. औषध लागू पडतंय का, हे वजन सांगेल. वाढू लागलं तर इथेच बरी होईल. घटत गेलं तर थांबू नका, मिरजेला न्या, शस्त्रक्रिया करावी लागेल."

जिला हलवायचं नाही तिचं वजन करायचं कसं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते दाजींचं खातं होतं. हातगाडीवरून प्लॅटफॉर्म घरी आला. त्यावर लोखंडी खाट, गादी, चादरी, उशी. तेवढ्या ओझ्याला शून्य दिसेल असं मीटरच्या खटक्याजवळचं बटण फिरवून घेतलं, आणि मग आम्ही ताईला अलगद वर ठेवलं. ती कण्हली नाही, पण माझ्या मनगटावर तिची नखं उमटली.

दाजींनी आकडेमोड नव्याने केली. दोनशे किलो आता नको होते. पाचाऐवजी दहा व्होल्ट दिले. म्हणजे चाळीस किलोला चार मिलिव्होल्ट. ते पाचशे पट करायचे, म्हणजे गेन पाचशे, की मीटरवर पूर्ण दोन व्होल्ट. व्होल्टला विसाने गुणलं की किलो, आणि शेवटचा आकडा एकाने हलला तर वीस ग्रॅम.

"आणि ताई चाळिसाच्या वर गेली तर?" मी विचारलं.

"तर आनंदाने गेन कमी करीन," दाजी म्हणाले. गेनचा आकडा इतक्या प्रेमाने निवडलेला मी परत पाहिला नाही.

ताई म्हणाली, "अध्यक्षांच्या जागेवर झोपवलंत. गूळ कुठाय?"

पहिल्या दिवशी चौतीस किलो भरली.

दाजी मोजमापाच्या बाबतीत भाबडे नव्हते. रोज दुपारी ते खालच्या दुकानातून एक किलोचं लोखंडी वजन आणत. दुकानदार कानडी घरातला, जिभेने तिखट. "सर, माझ्या गिऱ्हाइकाला काय घालू, धोंडा? लवकर द्या की वो परत!" असं म्हणत म्हणत रोज द्यायचा. ते वजन दाजी ताईच्या पायाशी ठेवत. मीटरवर बरोबर एक किलो वाढे. उचललं की बरोबर एक किलो कमी. "काटा खरा आहे," असं म्हणून मगच ते ताईचा आकडा वाचत.

आणि आकडा वाढत होता. चौतीस, साडेचौतीस, मार्च संपता संपता पस्तीस. दाजींच्या चालण्यात फरक पडला. वर्गात त्यांनी विनोद केला, असं मुलं येऊन मला सांगू लागली. डॉक्टर म्हणाले, "छान, मग इथेच चालू ठेवू."

मला मात्र ते लोखंडी वजन खुपायला लागलं होतं. किलोला किलो वाढतं, याचा अर्थ एवढाच की सेन्सिटिव्हिटी, व्होल्टेज आणि गेन यांचा गुणाकार ठीक आहे. मोजायला सुरुवात कुठून होते, हे त्यातून कळत नाही. जिना हलून खाली घसरला, तरी दोन पायऱ्यांतलं अंतर तेवढंच राहतं. त्यात दहा व्होल्टांनी गेज तापत होते. कडीला बोट लावलं तर कोमट लागे. ॲम्प्लिफायर तर भाटासारखा. राजा असो की विदूषक, पुढ्यात येईल त्याला पाचशे पट करून सांगणार. ब्रिजमधून वजन आलं की उष्णता आली, हे तो विचारत नाही.

हे मी दाजींना प्रयोगशाळेत सांगितलं.

"चारही गेज सारखेच तापतात," ते म्हणाले. "सारखं असलं की ब्रिजमध्ये कटतं. हे मीच तुला शिकवलंय."

"सारखे तापले तर. ताईला उकडतं म्हणून आपण टेबलफॅन लावलाय. त्याचा वारा बाहेरच्या दोघांना लागतो. आतल्या दोघांना नाही."

ते सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसू लागले.

"शून्य बघायला हवं, दाजी."

"शून्य बघायला तिला उचलावं लागेल."

"हो."

"तुझ्या मनगटावरचे वण गेले का?" त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी दाजी औषध आणायला गेले असताना ताईने मला जवळ बोलावलं. चादरीतून हात बाहेर काढला आणि वर केला. हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरल्या, त्या थेट कोपरापाशी जाऊन थांबल्या. जानेवारीत त्याच बांगड्या कासाराने साबण लावून चढवल्या होत्या.

"तुमचा काटा काय म्हणायचं ते म्हणू दे," ती म्हणाली.

"मग बोलत का नाहीस त्यांच्याशी?"

"रोज दुपारी आकडा वाचताना त्यांचं तोंड बघ एकदा. त्याच्यासाठी मी भातसुद्धा खाते. नाहीतर जात नाही रे घशाखाली."

"ताई, मिरजेला जायला हवं."

"ते मला कळत नाही होय? पण त्यांच्या हातातून तो आकडा मी कसा काढून घेऊ? तू काढ. तू धाकटा आहेस, तुझ्यावर रागावतील आणि विसरतील."

दाजी परत आल्यावर मी तिच्यासमोरच म्हणालो की उद्या शून्य बघायचं. ते रागावले. एवढा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. "तुला तिचा जीव घ्यायचाय का?" म्हणाले. ताई आढ्याकडे बघत म्हणाली, "अहो, उचला की. एवढ्यातेवढ्याने मोडायला मी काय काच आहे?"

दुसऱ्या दुपारी दुकानदाराला वर बोलावलं. तो नेहमीसारखा किलोचं वजन हातात घेऊन आला. मी म्हटलं, आज त्याचं काम नाही. आधी आकडा वाचला. पस्तीस किलो दोनशे ग्रॅम. मग ताईखाली जाड सतरंजी सरकवली. डोक्याकडे दुकानदार, पायाकडे मी, आणि तिची पाठ हलू नये म्हणून मधे तिच्या आईसारखा हात लावून दाजी. दाजींचं तोंड मीटरकडे होतं.

उचललं. मी जोर लावला होता तो वायाच गेला. सतरंजी एकदम वर आली. दुकानदार आयुष्यभर पोती उचललेला माणूस. त्याने मान खाली घातली आणि कानडीत देवाचं नाव घेतलं.

खाट रिकामी होती. गादीवर तिच्या अंगाचा खळगा होता. मीटरवरचे लालसर आकडे थोडे थरथरले आणि स्थिरावले. शून्य पूर्णांक एकशे चाळीस. मी विसाने गुणलं. दाजींनी माझ्या आधी गुणलं असणार.

रिकाम्या खाटेवर दोन किलो आठशे ग्रॅम होते.

म्हणजे ताई साडेबत्तीसही नव्हती. वाढली नव्हती, दीड किलोहून जास्त घटली होती. पंख्याने किती केलं, उन्हाळ्याने किती आणि गेजखालच्या सरसाने किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

"किती आहे हो?" ताईने आमच्या हातांवरून विचारलं. घामाने तिचं कपाळ निथळत होतं.

"शून्य," दाजी म्हणाले.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "ठेवा मला खाली. आणि जीप बघा."

मिरजेला आम्ही तिला फळीवर बांधून नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं. एवढ्या वजनाच्या माणसाला एवढी मोठी भूल देता येणार नाही, ते म्हणाले. आधी थोडं वजन वाढू दे, मग करू. दाजींनी मान हलवली. रोज तिला चमच्याने पेज भरवू लागले. वजन वाढलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

प्लॅटफॉर्म संस्थेत परत गेला. दिवाळीनंतर एका पाहुण्या पुढाऱ्याची तुला ठरली, आणि निरोप पुन्हा दाजींनाच आला. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी निमूटपणे गेन दोनशेवर आणला, व्होल्टेज पाचवर, आणि फळीवर खुर्ची ठेवून तिच्यासकट शून्य लावून घेतलं. पुढारी हारांनी लादलेला, त्या खुर्चीत विराजमान झाला. फोटोवाला पुढे सरसावला. मीटरवर आकडा लागला. अध्यक्ष माइककडे वळले.

"साहेब, जरा उतरा," दाजी म्हणाले.

"काय झालं?"

"शून्य बघायचंय."

पुढारी उतरला. खुर्ची तशीच राहिली. दाजींनी आकडा पाहिला आणि मान हलवली. पुढारी चढला. आकडा लागला. गुळाच्या ढेपा पुढे आल्या. "साहेब, परत उतरा." लोक हसले. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "अहो, हे काय चाललंय? सांगा त्यांना काहीतरी."

मी सांगितलं नाही. दाजी गुडघ्यांवर बसून मीटरकडे बघत होते. पुढे रिकामी खुर्ची होती, आणि आकडा शून्यच होता. दर वेळी शून्यच होता.