उशीत दबलेला डोळा

रविवारी दुपारी पडदे ओढून, ध्यान करतो असं बायकोला सांगून मी डाव्या कुशीवर फोन बघत पडलो होतो. फोन बंद केला, तर उजव्या डोळ्याला काही दिसेना. काही मिनिटांत दिसू लागलं, पण ही खोटेपणाची शिक्षाच, असं मी धरून चाललो.

बायको मला दवाखान्यात घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी सगळं तपासून विचारलं, "अंधारात फोन बघत होता?"

"नाही जी, ध्यान करत होते," बायको म्हणाली.

डोळा जाईल या भीतीनं, डाव्या कुशीवर पडून फोन बघत होतो, असं मी कबूल केलं.

"डोळे ठीक आहेत. डावा उशीत दबून अंधाराला सरावला, उजवा फोनच्या उजेडाला. अंधार झाल्यावर उजव्याला थोडा वेळ लागला, बस."

"मॅडम, काही तरी भारी दुखणं सांगायचं ना," बायको म्हणाली. "आता हे बेफिकीर फोन बघतील."

मला हायसं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.