गालात घातलेले दोरे

भाच्याच्या साखरपुड्यात फोटोवाला आईला म्हणाला, "आजी, तुमच्या धाकट्या बहिणीला जरा जवळ घ्या की." ती धाकटी बहीण म्हणजे मी. आख्खा मांडव हसला. आईला तर एवढा आनंद झाला, की तोंडाला पदर लावून ती हसत राहिली आणि येईल त्याला सांगत सुटली, "माझी भन हाय म्हनं ही!" मीही हसले. हसावंच लागतं. पण पुढे जेवताना तेच वाक्य डोक्यात होतं.

आईचं लग्न फार लवकर झालं, आमच्या वयात अंतरच कमी, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. तेवढ्यात तो फोटो मोबाइलवर आला. बोटांनी मोठा करून पाहिला. ओठांच्या कडांखाली दोन्हीकडे तीच लोंबती पिशवी आणि हनुवटीपासून कानापर्यंत जाणारी कड मध्येच कुठेतरी बुडालेली. आईचंच तोंड, फक्त केस रंगवलेले. मला लाज वाटली. सख्ख्या आईसारखं दिसण्याची लाज वाटली, आता काय लपवायचं!

मी भूगावात फ्लॅटमध्ये राहते, हिंजवडीला नोकरी करते. माहेर कोळवणचं, भातखाचरांतलं. ऑफिसच्या मीटिंगा घरून असतात तेव्हा दिवसभर स्वतःचंच थोबाड समोर. लॅपटॉपखाली डबे ठेवून कॅमेरा उंच करायचा, मान ताणून बसायचं, बोलताना मुद्दाम हनुवटीखाली मूठ धरायची, असले सगळे उद्योग मी करून चुकले होते. नवऱ्याला म्हटलं, काहीतरी करून घेते. तो म्हणाला, "कशाला? चांगली तर दिसतेस." माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हणून त्याचं मत मी धरलं नाही.

बावधनच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या निघाल्या. मला खुर्चीत ताठ बसवलं, गालाची कातडी चिमटीत धरून पाहिली, समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. म्हणाल्या, "चाळिशीनंतर नुसती कातडी सैल होत नाही. आतली चरबी खाली सरकते, हाडाचा आधारही थोडा कमी होतो. माझं मशीन फक्त थोडं आवळतं. तुमचं सैलपण बेताचं आहे म्हणून करू म्हणते. मानेखाली खूप लोंबत असतं, तर सर्जनकडे पाठवलं असतं."

"किती फरक पडेल?"

"तुम्हाला कळेल. सांगितल्याशिवाय दुसऱ्याला बहुधा कळणार नाही. तोही दोन-तीन महिन्यांनी."

हे ऐकून शहाणी बाई घरी गेली असती. मी कॉटवर आडवी झाले. थंडगार जेल लावून त्यांनी जबड्याच्या कडेनं ते अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवलं. वरून काहीच नाही, पण आत खोल, हाडाजवळ, गरम सुई टोचल्यासारखे चटके. डोळ्यांतून पाणी आलं. मग रोज आरसा. तीन महिन्यांनी त्यांनी आधीचे फोटो आणि आत्ताचे शेजारी ठेवून दाखवले. फरक होता हो, नाही असं नाही. कड जराशी वर आली होती. पण ऑफिसात एक माणूस काही बोलेल तर शपथ! मी चिडले. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं, तरी त्यांच्यावरच चिडले.

मग मीच दोऱ्यांचा विषय काढला. थ्रेड लिफ्ट. त्यांनी पुन्हा समजावलं: दोरे विरघळणारे असतात, काही महिन्यांत जिरतात, ओढलेपण साधारण वर्षभर टिकलं तर नशीब, पुष्कळदा त्याआधीच सैल पडतं. सूज येते, काळंनिळं होतं, कधी खळी पडते, कधी एक बाजू जास्त ओढली जाते. "आणि तीन आठवडे चेहरा दाबायचा नाही, चोळायचा नाही, शेकायचा नाही. मोठा आ करायचा नाही, दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. दोऱ्याला बारीक काटे असतात, ते आत धरेपर्यंत जपायचं. घरात सांगून ठेवा." मी मान हलवली. घरात म्हणजे नवऱ्याला सांगितलं. बाकी कुणाला सांगणार? गावात कळलं असतं तर माझी वरातच निघाली असती.

त्यांनी बसवूनच पेनानं रेघा मारल्या, कारण आडवं झालं की सगळं कानाकडे सरकतं आणि चाळिशीतली बाई पंचविशीची दिसते. केसांच्या कडेला भूल दिली. दुखलं नाही, पण बोथट सुई कातडीखालून हनुवटीकडे सरकत जाताना कळत होती, आणि दोरा ओढला की कानाशी करकर वाजायचं. मला गोधडी शिवल्याची आठवण झाली. घरी आले ती दोन्ही गाल सुजवून, उजव्या ओठाजवळ एक खड्डा घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बसेल तो. मी पंधरा दिवस घरून काम मागून घेतलं, कॅमेरा बंद.

आईचा फोन रोज असतो. माझं तोंड नीट उघडत नव्हतं, शब्द जाड येत होते. "काय झालं गं? अशी का बोलती?" मी म्हटलं, "दाढ काढली." जिभेवर जे आलं ते बोलून गेले. मला वाटलं, विषय संपला. माझ्यासारखी मूर्ख मीच. कोळवणच्या बाईला लेकीची दाढ काढल्याचं सांगायचं आणि ती घरी गप्प बसेल असं समजायचं!

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आई. एसटीनं आलेली, पौडला गाडी बदलून, घामाघूम. पिशवीत निरगुडीचा पाला. "बाई गं, केवढं सुजलंय हे! त्यानं दाढ उपटली का जबडा?" चप्पल काढली न काढली तोच ती स्वयंपाकघरात गेली. तव्यावर पाला गरम केला, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला. मी "नको, नको" म्हणतेय आणि ती ऐकतच नाही. "आगं ठनका एका शेकात बसंल. गप बस." डाव्या हातानं तिनं माझी हनुवटी धरली आणि उजव्या हातातली पुरचुंडी गालाशी आणली.

आणि मी तिचा हात झिडकारला. "हात नको लावू मला!"

मी ओरडलेच. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असेल. पुरचुंडी फरशीवर पडली, पाला सांडला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. भाताच्या रोपांनी, शेणानं, सरपणानं भेगाळलेले, काळ्या रेघा कधी न जाणारे हात. ती मोरीत गेली. साबणानं हात धुतल्याचा आवाज मला ऐकू येत होता, बराच वेळ. परत आली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "धुतले बघ."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंड उघडत नव्हतं हे काही कारण नव्हे. मी म्हटलं, "तसं नाही गं, डॉक्टरनी नको म्हटलंय," आणि खुर्ची मागे घेतली. खुर्ची मागे घेतली! दोरा सरकेल, एक बाजू वाकडी राहील, ह्याची भीती त्या क्षणी मला आईपेक्षा मोठी होती. तिनं सांडलेला पाला गोळा केला, माझ्यासाठी मऊ भात शिजवला, आणि "गुरांचं बघायचंय" म्हणून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. मुक्कामाची पातळं घेऊन आली होती, हे पिशवी उचलताना मला दिसलं.

सूज उतरली, खड्डाही भरला. कड खरंच छान दिसू लागली. ऑफिसात एकीनं विचारलं, "बारीक झालीस का?" ज्या वाक्यासाठी मी एवढं केलं ते हेच. मला आनंद झाला आणि तो आनंद मला त्या दिवशीच नकोसा वाटला, कारण आई आता फोनवर दोनच वाक्यं बोलायची. दाढ बरी का, जेवलीस का.

पाच-सहा महिन्यांत गाल पुन्हा खाली यायला लागले. त्याच सुमारास वहिनीचा फोन आला. तिची लेक बाळंतीण होऊन माहेरी आली होती. आईला वहिनी आत्याबाई म्हणते. "ताई, तुमीच सांगा आत्याबाईंना. बाळाला न्हाऊ घालायला तयारच न्हाईत. आजवर आळीतल्या समद्या पोरांना त्यांनीच घातलं. आता म्हन्त्यात, माझं हात खरबरीत हायेत, लेकराला टोचत्याल. कुणी काय बोललं का काय त्यांना?"

मी फोन ठेवला आणि रजा टाकून गाडी काढली.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. दाढ काढलीच नव्हती. गाल वर ओढून घ्यायला सुईनं दोरे घातले होते, ते हलू नयेत म्हणून ओरडले. तुझ्या हाताचं काही नव्हतं गं, मी खोटं बोलले, मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

"दोरं? तोंडात?"

"गालात. कातडीखाली."

"दुखलं आसंल की लई."

"नाही. थोडंसं."

"मग माझ्या हाताचं न्हवतं व्हय ते," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. रडायलाच आलं. आईनं सूप बाजूला ठेवलं. माझ्या गालांकडे पाहिलं, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून. ते पुन्हा पूर्वीसारखेच लोंबत होते.

"आन् गं, कशापायी केलंस?"

मी सुपातल्या तांदळातला खडा शोधू लागले. पण ती काही खुळी नाही. साखरपुड्यातल्या त्या गमतीवर ती किती दिवस हसली होती, आणि मी त्या दिवसापासून तिच्याशेजारी फोटोला उभी राहिले नव्हते. तिच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी थांबलेलं मला दिसलं.

"माझं थोबाड येवढं वंगाळ हाय व्हय गं?" आईनं विचारलं.

खरोखरच विचारलं, रागानं नाही. उत्तराची वाट बघत ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.