निथळत ठेवलेले चणे

अंबादास गायकवाडांनी फौजेत बावीस वर्षं लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, सांभाळला. निवृत्तीनंतर ते दिल्लीतच राहिले आणि पहाडगंजमधल्या एका गच्चीवरच्या कॅफेत स्वयंपाकी झाले. तिथे उतरणाऱ्या परदेशी पोरांसाठी फलाफल, म्हणजे भिजलेले कच्चे चणे भरडून तळलेल्या वड्या, शिकले आणि त्यात असा हात बसवला, की लोक त्यासाठी तीन जिने चढून यायला लागले.

कॅफेचा मालक नीरज. आईबाप पुण्याचे, पण हा दिल्लीत वाढलेला. घरात मराठी बोलायचा, मात्र अर्धे शब्द हरवलेले.

त्या दिवशी दुपारी एकला चोवीस जणांचा गट येणार होता. अंबादासांनी आदल्या संध्याकाळी चार किलो काबुली चणे भरपूर पाण्यात भिजत घातले होते. सकाळी बायकोला, प्रभाला, डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून आठ वाजता त्यांनी फोन केला. "नीरज, चणे उपस आणि निथळत ठेव. मी साडेदहाला येतो."

"बिल्कुल, काका."

साडेदहाला अंबादास जिना चढून आले, तर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि वाफ जिरल्यावर झाकण उघडलं. चणे लोण्यासारखे मऊ.

"हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, निथळत ठेव. निथळणं म्हणजे उकळणंच ना?"

"अरे, निथळणं म्हणजे पाणी गळून जाऊ देणं! चाळणीत ठेवायचे होते!"

"मग आता बॉइल्ड चणेच वाटू ना, यार. लवकर होईल."

"लवकर होईल, तेलात लवकर विरघळेल! कच्च्या चण्यातला चिकटपणा तळताना गोळा धरतो. शिजलेल्यात तो उरत नाही. करून बघायचं आहे? बघ." त्यांनी मूठभर चणे कुस्करून एक वडी तेलात सोडली. ती बघता बघता फुटली आणि कढईभर भुगा तरंगला.

आता नवे चणे भिजवायला बारा तास कुठून आणायचे? अंबादासांनी कपाळावर हात मारला. मग एकदम त्यांना गल्लीतला छोले-भटुरेवाला इंद्रजित आठवला. तो संध्याकाळच्या विक्रीचे चणे रात्रीच भिजवून ठेवायचा आणि दुपारी कुकरला लावायचा. शिजलेल्या चण्यांचं पातेलं उचलून ते तसेच खाली उतरले.

"इंद्रजित भाई, मेरे उबले हुए ले लो, अपने भीगे हुए दे दो."

इंद्रजितने पातेल्यात बोट घालून एक चणा दाबला. "मेरा तो काम ही बन गया. पर मैं सोडा डालके भिगोता हूँ."

"धो लूँगा."

तीन पाण्यांनी धुऊन अंबादासांनी चणे पंच्यावर पसरले आणि वर पंखा सोडला. घड्याळात साडेअकरा. कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरं, मीठ घालून त्यांनी मिक्सर नीरजकडे दिला. "भरड वाट. रव्यासारखं."

ते कढई घासून वळले, तोवर नीरजने पातं अडकतं म्हणून पाणी ओतलं होतं.

"पाणी? पाणी कोणी सांगितलं?"

"अडकत होतं!"

"मग थांबून चमच्याने हलवायचं! फौजेत तुला बटाटे सोलायलासुद्धा ठेवला नसता." ओला घाणा फडक्यात पिळून अंबादासांनी उरलेले चणे स्वतः भरडले, सगळं एकत्र केलं, दोन डाव बेसन मिसळलं आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं. तेवढ्यात मिश्रण आळलं.

साडेबाराला तेल तापलं. त्यांनी चिमूटभर मिश्रण टाकलं. ते बुडालं, लगेच बुडबुड्यांसह वर आलं. मग चिमूटभर सोडा मिसळून वड्या थापल्या. नीरजने घाईने एकदम दहा सोडल्या. तेलाची सळसळ मंदावली आणि कडा सुटायला लागल्या.

"बाहेर काढ! गर्दी करून तेल थंड केलंस, आता तेल पिऊन फुटतायत. पाचच सोड, आणि पहिलं मिनिट झारा लावू नकोस. कवच धरू दे."

दोघांनी पाच-पाच करत तळल्या. आच कमी-जास्त करत, कारण तेल फार कडक झालं की बाहेरून काळं आणि आत कच्चं राहतं. एकला दहा मिनिटं असताना गटातली पहिली काही पोरं जिन्यावर धापा टाकत आली. एका मुलीने वडी मोडली. आतून हिरवी, मऊ. तिने मैत्रिणीला दाखवली, न बोलता दुसरी उचलली.

नीरजने आत येऊन एक खाल्ली. "काका, हे बॉइल्डवाल्यापेक्षा बेस्ट आहे. पण मला आधी एक्सप्लेन करायचं ना."

अंबादासांनी झारा खाली ठेवला. तेल चटके देत होतं, गुडघे भरून आले होते, आणि प्रभाची औषधं आणायची राहिली होती.

"चाळणी आण," ते म्हणाले. "मूठभर चणे पाण्यात टाक आणि उद्याचे कसे निथळत ठेवायचे, ते आत्ता तुझ्या हाताने करून दाखव."