विषय पाचवा: साहेबांची फेरनेमणूक

कागदावरचा एकही कॉमा ती तपासल्याशिवाय सोडत नसे, म्हणून पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे कॉमाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं तिच्या कानावर यायला कधीच वेळ लागला नाही. हुद्दा कंपनी सेक्रेटरीचा. तो ऐकून नातेवाइकांना वाटे, ही साहेबांचे फोन घेत असेल. एका चुलत सासूबाईंनी तर साहेबांचा चहा तूच करतेस का, असं कौतुकाने विचारलं होतं. सुरुवातीची काही वर्षं ती समजावून सांगायची, की सभा, ठराव, नोंदी हे सगळं कायद्याला धरून होतंय की नाही ते बघणं हे आपलं काम. पुढे तिने तो नाद सोडला आणि चहाला सरळ हो म्हणायला लागली.

आली तेव्हा ती हिशेबखात्यात साधी कारकून होती. परीक्षा नोकरी करता करता दिल्या आणि दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी मोठे साहेब तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "आमचे पंपसुद्धा पहिल्या चाचणीला गळतात बाई. आम्ही काय ते भंगारात टाकतो?" आणि अभ्यासासाठी भरपगारी रजा देऊन गेले. असं त्यांनी कितीजणांसाठी केलं असेल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तिच्यासाठी केलं होतं, आणि ते ती विसरणारी नव्हती.

त्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा मसुदा करायची वेळ आली. नोटीस म्हणजे दरवर्षीचं काम. पहिले चार विषय ठरलेले, सर्वसाधारण कामकाजाचे: हिशेबांना मान्यता, लाभांश, पाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकांची फेरनिवड, लेखापरीक्षकांची नेमणूक. पण या वर्षी पाचवा होता, विशेष कामकाजाचा. साहेबांची व्यवस्थापकीय संचालकपदाची मुदत संपत होती आणि त्यांची सत्तरी कधीच उलटली होती. अशा माणसाला पुन्हा नेमायचं तर कायद्याने विशेष ठराव लागतो. म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. शिवाय नोटिशीला स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडावं लागतं. या वयातही हाच माणूस का हवा, हे त्यात भागधारकांना कारणांसकट सांगायचं. घरी बसून मत ठरवणाऱ्या माणसाला आतलं काही दिसत नसतं. त्याला दिसतं ते एवढंच निवेदन.

पाच वर्षांपूर्वीचं निवेदन तिनेच लिहिलं होतं. साहेबांची कन्या कंपनीत वित्त संचालक होती. तिचा निरोप आला, की तेच घ्या, वय आणि तारखा बदला, की झालं. यात वावगं काही नव्हतं. या धंद्यात सगळे तेच करतात. जुना मसुदा उघडायचा, आकडे फिरवायचे, नवा म्हणून पाठवायचा. कॉमाबाईही तेच करत आली होती. वय बदललं, मुदत बदलली. हितसंबंधाचा परिच्छेद तपासला: साहेब स्वतः आणि नात्याने त्यांची कन्या, यांच्याखेरीज कोणाचाही हितसंबंध नाही. बरोबर. मग नजर वरच्या परिच्छेदावर गेली. "ते दररोज कारखान्यात उपस्थित राहून उत्पादनापासून विक्रीपर्यंतच्या कारभारावर जातीने लक्ष ठेवतात." तिथे तिचा हात थांबला.

पाच वर्षांपूर्वी या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. आता साहेब आठवड्यातून एखाद्या सकाळी येत. गेल्याच महिन्यात तिने त्यांना पंपांच्या चाचणीच्या हौदाशी उभं असलेलं पाहिलं होतं. ते एका फोरमनला हाका मारत होते. तो फोरमन निवृत्त झाला तेव्हा निरोपाचं भाषण साहेबांनीच केलं होतं. कामगार मान खाली घालून आपापलं काम करत राहिले, कोणी हसलं नाही. तिला मात्र रडू आवरेना, म्हणून ती जिन्यात जाऊन उभी राहिली होती.

कन्येकडे जाऊन तिने सरळ सांगितलं, की हे वाक्य आता असंच जाऊ देता येणार नाही. कन्या काही दुष्ट नव्हती. घरी बापाला वेळच्या वेळी गोळ्या देणारी, त्यांचा चष्मा शोधून देणारी तीच होती. पण बँक साहेबांच्या नावावर विश्वास ठेवते, विक्रेते साहेबांचं तोंड बघून माल उचलतात, आणखी दोन वर्षं नाव राहिलं तर सगळं सावरेल, असं तिचं म्हणणं. निवेदन कोण एवढं वाचतं, असंही ती म्हणाली. ते ऐकून कॉमाबाईचं डोकं फिरलं. उभं आयुष्य जे लिहीत आली ते कोणी वाचत नाही, हे कन्या तिला सांगायला निघाली होती!

"नोटिशीवर सही तुम्हाला करायची नसेल तर मी करते," कन्या म्हणाली. "संचालकाची चालते ना?"

"संचालक मंडळाने अधिकार दिला तर चालते," कॉमाबाई म्हणाली. "पण मसुदा मंजूर करायला मंडळापुढे यावा लागेल. तिथे मी बोलेन, आणि मी काय बोलले ते इतिवृत्तातही लिहीन."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत विज्ञान शिकवत असे आणि बायकोच्या काटेकोरपणाला थट्टेने हात जोडायची एकही संधी सोडत नसे. त्या दिवशी त्याने हात जोडले नाहीत. नोकरी गेली तर काय, एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, शोधेन दुसरी. या वयात? या वयात. मग त्याने विचारलं, की साहेबांना कोण सांगणार.

तिनेच सांगितलं. साहेब आले त्या सकाळी त्यांच्या केबिनमध्ये बसून तिने निवेदनाचा मसुदा वाचून दाखवला. त्या वाक्याशी थांबली आणि म्हणाली, की साहेब, हे आता खरं राहिलेलं नाही. तुम्ही रोज येत नाही आणि तुम्हाला गोष्टी आठवत नाहीत. साहेबांचा चेहरा पडला आणि ते काचेतून खालच्या यंत्रांकडे बघत राहिले.

"माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले. "पण असं असेल, तर लोकांकडे मत मागायला मला तोंड नाही. विषय काढून टाका बाई."

तिने पाचवा विषय काढून टाकला, मसुदा कन्येला पाठवला आणि हलक्या मनाने घरी गेली. दुसऱ्या दिवशी कन्येने बोलावून घेतलं. बाबा रात्री जेवताना विचारत होते, म्हणाली, माझ्या फेरनेमणुकीचा विषय घेतला ना? त्यांना काही आठवत नाही. मग त्यांनी माघार घेतली, असं कशाच्या जोरावर म्हणता?

कॉमाबाई पुन्हा साहेबांकडे गेली. तोच मसुदा, तीच खुर्ची, तेच वाक्य. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण आता त्यांचा चेहरा कसा पडणार हे तिला ठाऊक होतं. तो तसाच पडला. ते तसेच काचेतून बघत राहिले. आणि मग म्हणाले, की असं असेल तर मत मागायला तोंड नाही, विषय काढून टाका.

बाहेर आल्यावर कन्येने तिला व्हरांड्यात गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"त्यांना आठवणारच नाही, तर पुन्हा पुन्हा का दुखवता त्यांना?"

साहेबांचा नकार लेखी घ्यावा, असं कॉमाबाईच्या मनात येऊन गेलं होतं. पण विसरणाऱ्या माणसाची सही तो नसताना नाचवायची, हे तिला पटेना. जे काही असेल ते त्यांनी शुद्धीत, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणावं. तिने पाचवा विषय पुन्हा मसुद्यात घातला. फक्त त्या वाक्याऐवजी जे खरं होतं ते लिहिलं, साध्या शब्दांत, आणि तो मसुदा मंडळाच्या बैठकीसाठी पाठवून दिला.

बैठकीला अध्यक्षस्थानी साहेब होते. शेजारी कन्या, समोर बाहेरचे दोन संचालक: एक निवृत्त प्राध्यापक, एक सल्लागार. हिशेब मंजूर झाले. नोटिशीचा मसुदा आला तेव्हा साहेबांनी विषय आपलाच म्हणून खुर्ची प्राध्यापकांना दिली. एवढं नियमाचं त्यांना बरोबर आठवलं. ते बाहेर जायला उठणार, तेवढ्यात कॉमाबाईने परवानगी मागितली. निवेदन साहेबांनी आधी ऐकावं, म्हणाली, मग बाहेर जावं. आणि तिने वाचलं. आठवड्यातून एखादाच दिवस उपस्थित असतात. अलीकडच्या काही गोष्टी त्यांच्या स्मरणात राहत नाहीत. सल्लागार आपल्या पेनाचं टोपण घालत होता, काढत होता.

साहेबांच्या चेहऱ्यावर तोच धक्का होता. त्यांच्यासाठी हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी आधी कॉमाबाईकडे पाहिलं, मग लेकीकडे वळले.

"ही म्हणते ते खरं आहे का गं?"

कन्येने टेबलावरचे कागद सारखे केले. ते सारखेच होते. मग तिने हात मांडीवर घेतले.

"हो बाबा," ती म्हणाली. "खरं आहे."

"मग लोकांकडे मत मागायला मला तोंड नाही," साहेब म्हणाले. "विषय काढून टाका."

तिसऱ्यांदा तेच उत्तर. कॉमाबाईला भरून आलं. या माणसाचं सगळं पुसलं जात होतं, पण हे जात नव्हतं. तिने मान खाली घालून इतिवृत्तात नोंद केली, की साहेबांनी फेरनेमणुकीस नकार दिल्याने विषय क्रमांक पाच वगळून उरलेली नोटीस मंजूर करण्यात आली. पुढच्या व्यवस्थापकीय संचालकाचा विचार पुढच्या बैठकीत करायचं ठरलं. विशेष कामकाजच उरलं नाही, म्हणून निवेदनही गेलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं लिहिलेलं निवेदन एकाही भागधारकाने वाचलं नाही, आणि याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

सभेआधी एकवीस पूर्ण दिवस हवेत, म्हणून छपाई लगेच झाली. गठ्ठे आले त्या सकाळी साहेब तिच्या खोलीत डोकावले. वरची प्रत उचलून त्यांनी चष्मा लावला, विषय बोटाने मोजले आणि पान उलटून मागे पाहिलं.

"बाई, माझा विषय राहिला की यात."

कॉमाबाईने हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतः समोर बसली आणि कुठून सुरुवात करावी याची जुळवाजुळव करू लागली. तेवढ्यात दारात कन्या येऊन उभी राहिली. तिने बापाच्या हातातली नोटीस पाहिली, बाईंचा चेहरा पाहिला, आणि आत येऊन बापाशेजारची खुर्ची घेतली.

"तुम्ही राहू द्या बाई," ती म्हणाली. "या वेळी मी सांगते."